‘कंपनी कोणती?’ या प्रश्नाला आमचे उत्तर

भाषांतराचे काम आम्ही दोघे घरून करतो. एक भाषांतर करतो, दुसरा ते मुळाशी ताडून वाचतो. लेटरहेड नाही, ऑफिस नाही. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका संस्थेने व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली. गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी इंग्रजी पुस्तिका मराठीत करायची होती, २४,००० शब्दांची. पहिलाच प्रश्न आला, ‘कंपनी कोणती?’ आणि लगेच दुसरा, ‘मूळचे कुठले, आडनाव काय?’

दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. कंपनीचे नाव नसले की विश्वास ‘ओळखीतल्या माणसा’वर ठेवला जातो आणि ही ओळख कुठून कुठे जाते हे आपण जाणतो. आम्ही आडनाव सांगितले, चिडलो नाही आणि बोलणे कामावर आणले. म्हणालो, ‘तुमच्या पुस्तिकेतला सर्वात अवघड वाटणारा ३०० शब्दांचा उतारा द्या. आमच्या दराने त्याचे ७५० रुपये होतात. पसंत नसेल तर तेवढ्यावरच थांबा.’

नमुना फुकट का नाही? कारण काही ठिकाणी पाच जणांना पाच उतारे फुकट वाटून अख्खे प्रकरण करून घेतले जाते. आम्ही एकदा असे फसलो आहोत. शिवाय पैसे देऊन घेतलेला नमुना समोरचा माणूस नीट वाचतो.

उताऱ्यासोबत आम्ही शब्दांची छोटी यादीही पाठवली. ‘रक्तक्षय’ हा शब्द पुस्तकात चालतो, पण घरी जाऊन बोलताना ‘अंगात रक्त कमी आहे’ असेच म्हटले जाते, म्हणून आम्ही ते निवडले, असे कारणासह लिहिले. जुनी कामे गोपनीयतेच्या करारामुळे दाखवता येत नव्हती. ती उणीव या यादीने बरीच भरून काढली. आधीच्या दोन ग्राहकांचे नंबरही त्यांची परवानगी घेऊन दिले.

मग कामाची हद्द. इथे आम्ही सर्वात जास्त वेळ घेतला, कारण नुकसान इथेच होते. शब्द इंग्रजी मजकुराचे मोजायचे. दरात भाषांतर, दुसऱ्याचे वाचन आणि दुरुस्तीची एक फेरी येते. पानांची मांडणी आणि चित्रांतला मजकूर येत नाही. काम सुरू झाल्यावर मूळ मजकूर बदलला तर बदललेल्या शब्दांचे पैसे वेगळे. आणि अंतिम होकार कोण देणार, त्या एका व्यक्तीचे नाव आजच सांगा. मागे एका कामात तिघांनी दुरुस्त्या केल्या होत्या. एकाला संस्कृत शब्द हवे होते, दुसऱ्याला वऱ्हाडी, तिसऱ्याने पहिल्याचे खोडले. एक फेरी ठरली होती, झाल्या चार.

दर आम्ही शब्दाला अडीच रुपये सांगितला, म्हणजे ६०,००० रुपये. ‘एजन्सी सव्वा रुपयात करते,’ असे उत्तर आले. एजन्सीची निंदा न करता आम्ही हिशेब मांडला. दिवसाला साधारण २,००० शब्द नीट होतात, म्हणजे १२ दिवस. दुसऱ्याच्या वाचनाला ५ दिवस. सव्वा रुपयात यातले कोणते दिवस काढायचे ते तुम्ही सांगा. थोडी शांतता झाली. मग त्यांनी खरा आकडा सांगितला: बजेट ५०,०००.

इथे बरेच जण दर खाली आणतात. तसे केले की पुढच्या प्रत्येक कामाला तोच दर लागतो आणि पहिला दर फुगवलेला होता असाही अर्थ निघतो. आम्ही दर तसाच ठेवून काम कमी केले. शेवटची परिशिष्टे ४,००० शब्दांची होती, ती फक्त प्रशिक्षकांसाठी होती आणि प्रशिक्षकांना इंग्रजी येत होते. ती वगळली. २०,००० शब्द, ५०,००० रुपये.

‘व्यक्तीला आगाऊ रक्कम देत नाही,’ असे त्यांच्या हिशेबनीसांनी सांगितले. आम्ही पहिला हप्ता ४,००० शब्दांचा ठेवला. तो द्यायचा, १०,००० चे बिल लावायचे आणि पैसे आल्यावरच पुढचे सुरू करायचे. जोखीम दोन्हीकडे १०,००० वर थांबते. आमच्यापैकी एकाची उद्यम नोंदणी आहे. ती आधार आणि पॅनवर मोफत होते. २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. ही गोष्ट धमकीसारखी न सांगता बिलावर नोंदणी क्रमांक टाकला, एवढेच.

मुलाखत संपल्यावर तासाभरात हे सगळे एका पानात लिहून मेल केले आणि ‘मान्य’ एवढे उत्तर मागितले. ते दुसऱ्या दिवशी आले. पहिल्या हप्त्याचे पैसे मात्र २३ दिवसांनी आले. तोवर पुढचे पान आम्ही उघडले नव्हते.