लोणच्याची पहिली कॅप्शन



माझ्या धाकट्या जाऊबाईंनी यंदा कैरीचं लोणचं विकायचं ठरवलं. बरण्या भरल्या, एफएसएसएआयची नोंदणी झाली, तो १४ आकडी क्रमांक लेबलवर आला, सुनेने इन्स्टाग्रामवर पान उघडलं. फोटोही छान आला. अडलं ते फोटोखाली काय लिहायचं इथे.

त्यांनी आधी लिहिलं होतं ते असं: "खास घरगुती चव! एकदा खाल तर बोटं चाटत राहाल! स्टॉक मर्यादित, त्वरा करा! किंमतीसाठी मेसेज करा." मग स्वतःच म्हणाल्या, "ताई, हे बाजारात ओरडल्यासारखं वाटतं हो."

बी.कॉम.ला आम्हाला जाहिरातीच्या चार पायऱ्या होत्या: लक्ष वेधा, गोडी लावा, इच्छा जागवा, खरेदी करवा. ओळखीच्या बायकांना लिहिताना तिसरी पायरी आपण फार जोरात चढतो. "बोटं चाटाल" म्हटल्याने कोणाला लोणच्याबद्दल काहीच कळत नाही. आपल्यातली बाई लोणचं बघताच मनात विचारते ते वेगळंच: यात लसूण-आलं आहे का? फोडी वाळवल्या होत्या का? कधी घातलं? केवढ्याला? या प्रश्नांची उत्तरं तिला न विचारता मिळाली, तर तीच आपुलकी. विचारून मग नाही म्हणायचा संकोच तिला पडत नाही.

इथे आपल्या धर्माचाही प्रश्न आहे. बावीस अभक्ष्यांत लोणचं येतं, आणि त्याची मर्यादा सगळ्या घरांत सारखी नाही. काही घरांत चोवीस तासांपलीकडचं लोणचं चालतच नाही; काही घरांत तीन दिवस कडक उन्हात वाळवलेल्या फोडींचं चालतं. म्हणून जाऊबाईंना "शंभर टक्के शुद्ध जैन लोणचं" लिहायचं होतं ते मी लिहू दिलं नाही. ज्या घरात मोठी मर्यादा पाळतात तिथे ते वाक्य खोटं ठरेल. त्यापेक्षा काय घातलं, कसं केलं, कोणत्या तारखेला केलं एवढं सांगावं. आपल्या नियमात बसतं की नाही ते वाचणारी ठरवेल.

मोबाइलवर कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, पुढचं `more` दाबल्यावर. तेव्हा पहिलं वाक्य आपल्या लोणच्याचं, दुसऱ्या कोणाच्या लोणच्याला न लागू पडणारं हवं. शेवटी आम्ही असं लिहिलं:

"नवतपाच्या उन्हात तीन दिवस वाळवलेल्या कैरीच्या फोडी आता तेलात छान मुरल्यात.
मोहरीची डाळ, मेथी, हळद, तिखट, हिंग, मीठ, फल्लीतेल. लसूण, आलं, कांदा नाही.
लोणचं घातलं २८ मे रोजी.
अर्धा किलोची बरणी २२० रुपये. यंदा १८ बरण्या आहेत. भंडारा शहरात घरपोच.
हवं असेल तर मेसेज करा. नुसतं काही विचारायचं असेल तरी करा."

नवतपा २५ मेला लागतो. विदर्भातल्या बाईला त्या एका शब्दात ऊन किती कडक होतं ते कळतं, "उत्तम प्रतीचं" म्हणावं लागत नाही. "१८ बरण्या" आणि "स्टॉक मर्यादित" यांतला फरकही पाहा. आकडा ही खरी माहिती आहे, तिच्यावरून बाई आपली सोय ठरवते. "त्वरा करा" हा धाक आहे. मात्र बरण्या संपत जातील तसा आकडा बदलायला हवा. फोटोवरच्या तीन ठिपक्यांत `Edit` असतं, तिथे टाकलेली कॅप्शनही दुरुस्त होते.

किंमत लपवू नये. मेसेज करून किंमत विचारलेल्या बाईला महाग वाटलं तर ती गप्प होते आणि पुढे आपल्या पानावर यायलाही बिचकते. आकडा समोर असेल तर ती मनातल्या मनात नाही म्हणते, आणि ओळख तशीच राहते.

कॅप्शन नीट झाली की नाही हे दोन गोष्टींवरून कळतं. टाकण्याआधी ती मोठ्याने वाचावी आणि दारात आलेल्या पाहुणीशी आपण असंच बोललो असतो का ते पाहावं. जे वाक्य तोंडातून निघत नाही ते खोडावं. टाकल्यावर खाली आलेले प्रश्न वाचावेत. तोच प्रश्न दोघींनी विचारला, तर उत्तर कॅप्शनमध्ये राहून गेलं आहे. आमच्याकडे दोघींनी विचारलं, "हळद ओली की सुकी?" कंदमूळ न खाणाऱ्यांचा हा प्रश्न रास्तच होता. जाऊबाईंनी लगेच "हळद" खोडून "सुकी हळद" केलं.