मिनी स्ट्रोकनंतरचं बीपी : सकाळचा आकडा काय सांगतो

मिनी स्ट्रोक होऊन गेलेला पेशंट दोन-तीन महिन्यांनी हमखास एक प्रश्न विचारतो. "डॉक्टर, हात तर पूर्ण बरा झाला, बीपीही नॉर्मल येतंय. मग गोळी आता बंद करायची का?" या प्रश्नाचं उत्तर मी शक्यतो पेशंटच्याच वहीतून देतो. कसं, ते मुलुंडच्या एका काकांच्या उदाहरणावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काका ५८ वर्षांचे. एका सकाळी चहा पिताना त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला आणि शब्द अडखळायला लागले. वीस मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. घरचे तरीही त्यांना लगेच हॉस्पिटलात घेऊन गेले, हे फार बरं झालं. तिथे बीपी १६८/९६ होतं. एमआरआयमध्ये ताजी इजा दिसली नाही. अशा घटनेला टीआयए, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोड्या वेळापुरता खंडित होणं, म्हणतात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एक औषध, कोलेस्टेरॉलची गोळी आणि बीपीसाठी अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, असं लिहून देऊन त्यांना घरी सोडण्यात आलं.

दोन आठवड्यांनी ते माझ्याकडे आले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. बीपी १२८/७८. काका खूश झाले. मी मात्र त्यांना एक वही घालायला सांगितलं. सात दिवस, सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा आणि रात्री जेवणाआधी दोनदा बीपी मोजून लिहायचं.

मोजायची पद्धत नेमकी हवी. मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या. मनगटावरच्या मशीनचे आकडे हाताच्या स्थितीप्रमाणे बदलतात. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्ट्यावर बीपी खोटं जास्त दिसतं. आधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. पहिला आकडा घेतल्यावर एक मिनिट थांबून दुसरा घ्यायचा आणि दोन्ही लिहायचे. आवडला तेवढाच लिहायचा, असं नाही.

आठवड्याने वही आली. पहिला दिवस आम्ही सोडून दिला, कारण नव्या मशीनसमोर माणूस थोडा अवघडलेला असतो. उरलेल्या सहा दिवसांच्या चोवीस आकड्यांमध्ये सकाळची सरासरी १४८/८८ आली, रात्रीची १३४/८०. एकत्र सरासरी १४१/८४. स्ट्रोक किंवा टीआयएनंतर बहुतेक पेशंटमध्ये आपण १३०/८०च्या खाली राहायचा प्रयत्न करतो. म्हणजे माझ्या क्लिनिकमध्ये अकरा वाजता नॉर्मल दिसलेलं बीपी पहाटे बरंच वर असायचं. स्ट्रोकचं प्रमाण सकाळच्या तासांत जास्त असतं, म्हणून गोळीआधीचा हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो.

आता गोळी दुप्पट करायची की दुसरी जोडायची? अॅम्लोडिपिनचा डोस वाढवला की अनेकांच्या घोट्यांवर सूज येते, आणि मग पेशंट स्वतःच गोळी सोडतो. वेगवेगळ्या पद्धतीने काम करणारी दोन औषधं थोड्या मात्रेत दिली, तर बीपी जास्त उतरतं आणि त्रास कमी होतो.

याला आधार देणारा एक मोठा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्याचं नाव 'प्रोग्रेस'. स्ट्रोक किंवा टीआयए होऊन गेलेल्या ६१०५ लोकांवर सुमारे चार वर्षं लक्ष ठेवलं गेलं. नुसत्या दिसायला सारख्या गोळीवर असलेल्या शंभरातल्या साधारण १४ जणांना पुन्हा स्ट्रोक झाला, बीपीचं औषध घेणाऱ्या शंभरातल्या १० जणांना. ज्यांना दोन औषधं मिळाली, त्यांचं वरचं बीपी सरासरी १२ने उतरलं आणि स्ट्रोकचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी झालं. एकाच औषधावर असलेल्यांचं वरचं बीपी ५नेच उतरलं आणि स्ट्रोकमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. फायदा औषध चालू आहे म्हणून होत नाही, बीपी खरोखर किती उतरलं त्यावर होतो.

काकांचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासलं. दोन्ही ठीक होतं, म्हणून टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम जोडलं. दोन आठवड्यांनी त्याच दोन तपासण्या पुन्हा केल्या, कारण या औषधाने काहींचं पोटॅशियम वाढतं. उभं राहिल्यावरचं बीपीही पाहिलं. बसून उठल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला तर चक्कर येऊन पडायची भीती असते, आणि मग औषध जपून वाढवावं लागतं. मानेतली रक्तवाहिनी खूप अरुंद झाली असेल तरीही बीपी हळूहळूच उतरवतात. महिन्याने काकांची सरासरी १२८/७८ आली.

तीन महिन्यांनी वहीत आकडे चढायला लागले. १३६, १४०, १४२. गोळ्या चुकल्या नव्हत्या, पाकिटं मोजून पाहिली. मीठ, पापड, लोणचं सगळं तसंच. मग काकू म्हणाल्या, "गुडघ्यासाठी केमिस्टकडून गोळी आणतात, दहा दिवस झाले." ती डायक्लोफिनॅक होती. अशा वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी साठवतात, बीपी वाढवतात आणि टेल्मिसार्टनसोबत किडनीवर ताण आणतात. ती थांबवून पॅरासिटामॉल आणि गुडघ्याचे व्यायाम सुरू केले. दोन आठवड्यांत आकडा परत १३०च्या खाली आला. वही नसती तर आम्ही कदाचित तिसरी गोळी जोडली असती.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. बीपी नॉर्मल आहे ते गोळी चालू आहे म्हणून. ती थांबवली की काही दिवसांत आकडा जुन्या जागी परततो, आणि तेव्हा डोकं दुखत नाही, चक्करही येत नाही. मेंदूच्या आत खोलवर जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या मोठ्या वाहिनीतून थेट फुटतात, त्यामुळे वरचा दाब त्यांच्यावर जवळजवळ तसाच येतो. वर्षानुवर्षं तो सोसून त्यांच्या भिंती जाड होतात, काही बुजतात, काही फुटतात. हात बरा झाला म्हणून त्या भिंती पूर्वीसारख्या होत नाहीत. वजन उतरलं, मीठ कमी झालं आणि सरासरी सतत ११०च्या आसपास यायला लागली, तर डोस कमी करता येतो. पण तो वही पाहून, डॉक्टरने.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. मशीनवर ठोके अनियमित असल्याची खूण वारंवार दिसली तर ईसीजी करून घ्या. त्यामागे असलेल्या कारणाला वेगळं औषध लागू शकतं आणि त्या स्थितीत मशीनचे आकडेही भरवशाचे नसतात. आणि तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर बीपी मोजत बसू नका, जास्तीची गोळीही देऊ नका. त्या वेळी घाईने बीपी पाडल्यास मेंदूचं नुकसान वाढू शकतं. १०८ला फोन करा, लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा, आणि ती वही सोबत घेऊन निघा.