अंतर्गत रोधाच्या माथी मारलेली घट

बारावीच्या जर्नलमधल्या पोटेन्शिओमीटरच्या प्रयोगातली एक ओळ मला फार खटकते. लेक्लांशे सेलचा अंतर्गत रोध काढायचा, समांतर जोडलेल्या रेझिस्टन्स बॉक्समधून वेगवेगळे R घ्यायचे, प्रत्येक वेळी r = R(l₁ − l₂)/l₂ मध्ये आकडे टाकायचे आणि शेवटी लिहायचे ‘सरासरी अंतर्गत रोध’. उत्तरे एकमेकांच्या जवळ आली तर प्रयोग बरोबर, लांब गेली तर विद्यार्थ्याचा हात चुकला. माझे म्हणणे असे, की पुष्कळदा हात चुकलेला नसतो. त्या फरकातच सेलबद्दल सांगण्यासारखे काहीतरी असते आणि सरासरी नेमके तेच पुसून टाकते.

सूत्र कुठून येते ते सर्वांना ठाऊक आहे. सेलची की उघडी असताना संतुलन बिंदूवर सेलमधून प्रवाह जात नाही, म्हणून l₁ ही लांबी सेलच्या ईएमएफच्या प्रमाणात असते. की बंद केली की सेल R मधून प्रवाह देऊ लागतो. आता गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर असला तरी सेल रिकामा बसलेला नाही. l₂ त्याच्या टोकांमधले विभवांतर दाखवते. म्हणजे दोन्ही लांब्या एकाच सेलच्या दोन वेगळ्या अवस्थांमध्ये घेतलेल्या असतात. सूत्र मात्र गृहीत धरते, की ईएमएफ दोन्ही वेळा तेवढाच होता. सगळी अडचण या गृहीतकात आहे.

एक उदाहरण घेऊ. तार चार मीटरची, तिच्या दोन टोकांमध्ये रिओस्टॅटने 1.71 व्होल्ट ठेवलेले. विश्रांती घेतलेल्या 1.5 व्होल्टच्या सेलचा बिंदू 350 सेंमीवर मिळतो. R = 5 ओहम ठेवल्यावर l₂ = 280 सेंमी येते, म्हणजे r = 5 × 70/280 = 1.25 ओहम. आता R = 2 ओहम करून की बराच वेळ दाबून ठेवली आणि जॉकी इकडेतिकडे फिरवत बिंदू शोधला. l₂ = 200 सेंमी मिळाली, तर r = 2 × 150/200 = 1.5 ओहम. पहिल्या उत्तरापेक्षा वीस टक्के जास्त! जर्नलमध्ये दोन्हींची सरासरी 1.375 लिहिली जाईल, आणि ती या सेलच्या कुठल्याच अवस्थेला लागू पडणार नाही. पण की उघडल्याबरोबर, सेलला सावरायला वेळ न देता, l₁ पुन्हा घेतली आणि ती 350 ऐवजी 325 आली, तर हिशेब बदलतो: 2 × 125/200, म्हणजे पुन्हा 1.25 ओहम. रोध वाढलाच नव्हता, ईएमएफ उतरला होता. प्रवाह चालू असताना कार्बनच्या कांडीवर हायड्रोजन साठतो आणि मँगनीज डायऑक्साइड त्याला तेवढ्या वेगाने हटवू शकत नाही, म्हणून ही उतरण होते. सूत्र ती सगळी r च्या खात्यावर टाकते.

यावर कोणी म्हणेल, मग R मोठा घ्या, प्रवाह कमी होईल, प्रश्नच मिटेल. मिटत नाही. R = 100 ओहम घेतला तर याच सेलसाठी l₂ सुमारे 345.7 सेंमी येते, l₁ शी फरक जेमतेम सव्वाचार सेंमीचा. त्यात एकच सेंटिमीटर इकडेतिकडे झाला की उत्तर जवळपास चौथ्या हिश्शाने हलते. R लहान घेतला तर सेल थकतो, मोठा घेतला तर फरक मोजण्यात हरवतो. पाच ओहमच्या आसपासचा R मधला मार्ग आहे, पण की दाबून धरायची नाही; क्षणभर दाबायची, काटा पाहायचा आणि सोडायची. पाठ्यपुस्तकातले गणित मात्र कुठलाही R चालतो अशाच थाटात असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आजच्या डिजिटल मल्टिमीटरचा रोध साधारण दहा मेगाओहम असतो, तोही सेलकडून नगण्यच प्रवाह घेतो. मग हा चार मीटरचा खटाटोप कशाला? पोटेन्शिओमीटर हाच एकमेव आदर्श व्होल्टमीटर हे पुस्तकी वाक्य मलाही आता पटत नाही. या तारेवर एक मिलिमीटर म्हणजे साधारण 0.4 मिलिव्होल्ट, ते अचूक वाचायचे तर मुख्य ॲक्युम्युलेटरही स्थिर हवा. तो दोन नोंदींच्या मध्ये उतरला तर l₁ आणि l₂ ची तुलनाच फसते. पण मीटर बदलल्याने माझी तक्रार मिटत नाही, कारण दोष उपकरणाचा नाही. मल्टिमीटरनेही आधीचा ईएमएफ आणि नंतरचे विभवांतर एकाच सूत्रात घातले, तर तीच चूक अधिक दशांश स्थळांसह मिळेल.

शिक्षकांना एवढीच विनंती, की नोंदींच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: की उघडल्याबरोबर घेतलेली l₁. ती आधीच्या l₁ पेक्षा कमी आली तर विद्यार्थ्याचे गुण कापू नयेत, सरासरीची ओळ कापावी.