साठ दिवसांची बातमी

आमच्या सिंदेवाहीकडून साप्ताहिकाला बातम्या पाठविणारी मुले शेती, शिकवणी किंवा दुकान सांभाळून लिहितात. त्यांचे लिखाण वाचून दुरुस्तीची चिठ्ठी पाठविण्याचे काम आम्हीही नोकरी सांभाळूनच करतो. मध्यंतरी एका नवख्या वार्ताहराची पहिलीच बातमी आली. विषय होता जंगलपट्ट्यातील एका गावच्या बौद्ध कुटुंबांच्या वनहक्क दाव्यांचा. त्याला आम्ही लिहिलेली चिठ्ठी इतरांच्याही कामी येईल, म्हणून येथे देत आहोत.

“सप्रेम जयभीम. तुझी दोन पाने वाचली. पहिले पानभर सभेचे वर्णन आहे. अध्यक्ष कोण होते, हार कोणी घातला, आभार कोणी मानले, हे सारे तू नेटके लिहिलेस. आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे, ‘काही दावे नामंजूर झाल्याचे समजते.’ बाबा रे, बातमी ती आहे!

का, ते सांगतो. उपविभागीय समितीने दावा नाकारला, तर तो निर्णय दावेदाराला कळवावा लागतो. कळविल्यापासून साठ दिवसांच्या आत जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागता येते. आपला अंक घरोघरी एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. हारतुऱ्यांपाशीच ऐकणारे उठून गेले, तर त्यांचे साठ दिवस कोण मोजणार? म्हणून पहिल्या वाक्यात चार गोष्टी याव्यात : किती कुटुंबांचे दावे नाकारले, कोणी नाकारले, केव्हा कळविले आणि मुदत कधी संपते. सभेला शेवटी दोन ओळी पुरेत.

आता पुराव्याचे. ‘समजते’ म्हणजे कोणाकडून समजते? तू एके ठिकाणी एकवीस कुटुंबे लिहितोस, दुसरीकडे पंचवीस. आकडा ऐकीव असला की असेच होते. गावच्या वनहक्क समितीकडे दाव्यांची नोंद असते, ती डोळ्यांनी पाहा. मग निदान तीन घरी जा आणि नकाराचा कागद मागून वाच. त्यावरची तारीख एक असेल आणि हातात पडल्याची दुसरी. आपल्याला दुसरी हवी, कारण मुदत तिच्यापासून धावते. कोणाला कागदच मिळाला नसेल, तर ‘कागद मिळाला नाही, असे या कुटुंबाचे म्हणणे आहे’ असे लिही. ‘कार्यालयाने कागद दिला नाही’ असे लिहायचे, तर आधी कार्यालयाला विचारावे लागेल.

वक्त्याचे एक वाक्य तू तपासल्याशिवाय घेतलेस : ‘जमिनीवर पंचाहत्तर वर्षांचा ताबा दाखवावा लागतो.’ २००६ चा कायदा तसे म्हणत नाही. आपल्यासारख्या आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, वनक्षेत्रातला रहिवास आणि वनावरची उपजीविका दाखवावी लागते. जमिनीचा ताबा त्या तारखेपूर्वीचा असला की चालतो. हा फरक साधा नाही. आजोबा गावात राहत होते, पण शेत बापाने काढले, असे घर तुझी बातमी वाचून दावा सोडून देईल.

पुरावा म्हणजे फक्त सरकारी दाखला, असेही तू सुचवतोस. नियमांत गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा मानले आहे. फक्त ते निवेदन स्वतः दावेदाराचे नसावे आणि पुरावे एकापेक्षा अधिक असावेत. हे वाक्य बातमीत घाल आणि ‘नियमांनुसार’ असे स्पष्ट लिही, म्हणजे वाचणारा ते कार्यालयात बोट ठेवून दाखवू शकेल.

महाडचे आठव. १९२७ साली बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, तेव्हा पाठीशी कागद होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला होता. तळे आपल्यालाही खुले आहे, हे कागदावर होते, म्हणून अडविणारा चुकीचा आहे, हे जगाला दाखविता आले. तू सुधारून पाठव. घाई कर, पण आकडा पडताळल्याशिवाय नको.”

चौथ्या दिवशी दुसरा खर्डा आला, तो अवघा दीड पान होता. पहिलेच वाक्य असे : ‘एकवीस कुटुंबांचे वनहक्क दावे नाकारले गेले असून, ज्यांना कागद मिळाला त्यांना दाद मागायला सतरा दिवस उरले आहेत.’ एकवीस हा आकडा वनहक्क समितीच्या नोंदीतला, असे पुढच्याच ओळीत होते. पंचवीस आकडा कुठून आला, तेही त्याने शोधले. चार दावे अजून निर्णयाविना पडून होते आणि सभेत कोणीतरी ते नाकारलेल्यांत मोजले होते. तीन घरचे कागद त्याने स्वतः पाहिले होते. कार्यालयात तो दोनदा जाऊन आला, पण संबंधित साहेब भेटले नाहीत, तेही त्याने तारखांसह लिहिले.

आम्ही एकच शब्द बदलला. ‘अन्यायाने नाकारले’ यातला ‘अन्यायाने’ काढला. नकाराची कारणे अजून कोणी तपासली नव्हती. ती जिल्हास्तरीय समितीपुढे तपासली जावीत, एवढ्यासाठीच तर बातमी होती.