दादांच्या पत्रातली खोडलेली ओळ

गावातल्या घराची कौले उतरवायची ठरली तेव्हा माळ्यावरची शिसवी पेटी आम्ही तिघा भावंडांनी मिळून खाली आणली. दादांना, म्हणजे आमच्या अब्बांच्या वडिलांना, जाऊन आता बरीच वर्षे झाली. अल्लाह त्यांची मगफिरत करो. ते रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि कागद फेकून देणे हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. पेटीत शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या, मुलांच्या हजेरीचे जुने तक्ते होते, आणि वहीचे चार कागद टाचणीने अडकवलेले होते. टाचणी गंजून कागदाला चिकटली होती. पहिल्या कागदावर मथळा होता: ‘मे. संपादक साहेब यांस’. तारीख जून 1939 ची.

मुंबईच्या एका मासिकाला लिहिलेल्या पत्राचा तो कच्चा खर्डा होता. विषय होता त्याच वर्षी आलेला मुस्लिम विवाहविच्छेदाचा कायदा, 1939 चा आठवा. 17 मार्चला त्याला गव्हर्नर जनरलची मंजुरी मिळाली होती. दादांनी तो रत्नागिरीच्या एका वकिलाकडून समजून घेतला असावा, कारण कलमांचे आकडे समासात वेगळ्या शाईने घातलेले आहेत.

आम्ही खर्डा आधी नुसता चाळला. मग दुसऱ्या पानावर थांबलो. तिथे लिहिले होते, ‘माझ्या बहिणीचे उदाहरण देतो’. ‘माझ्या बहिणीचे’ यावर काट मारून वर बारीक अक्षरात लिहिले होते, ‘आमच्या गावातील एका स्त्रीचे’.

दादांना बहीण एकच. अब्बांची फूफी, आणि आम्हीही तिला फूफीच म्हणायचो. तिचा नवरा, तिची तीन मुले, खाडीपलीकडचे तिचे घर, सगळे आमच्या डोळ्यांसमोरचे. त्या नवऱ्याआधी तिचा आणखी एक निकाह झाला होता, हे आम्हाला त्या काटलेल्या दोन शब्दांनी कळले.

पत्रातली हकीकत अशी. त्या ‘गावातील स्त्रीचा’ नवरा जहाजावर खलाशी होता. आमच्या भागातले निम्मे पुरुष तेव्हा मुंबईच्या गोदीत किंवा बोटीवर असत, त्यात नवल काही नव्हते. त्याची शेवटची मनीऑर्डर आली डिसेंबर 1934 मध्ये, रमजान चालू असताना. त्यानंतर पैसा नाही, पत्र नाही. बाई सासरीच राहिली. धाकटा दीर तिला जेवू घालीत होता. 1937 मध्ये शेजारच्या गावचा एक माणूस रंगूनहून परतला आणि म्हणाला, मी त्याला बंदरावर लांबून पाहिला. बोललो नाही. झाले, एवढेच.

आता अशा बाईने काय करायचे? दादांनी इथे चांगले दीड पान घातले आहे, आणि मास्तर असल्यामुळे मुद्दा पायरीपायरीने मांडला आहे. देशातले बहुसंख्य मुसलमान हनफी. हनफी मताप्रमाणे बेपत्ता माणसाच्या बायकोने त्याच्या बरोबरीची माणसे मरून जाईपर्यंत थांबायचे. काही फतव्यांत तर नवरा नव्वद वर्षांचा होईपर्यंत. मालिकी मताप्रमाणे मात्र प्रकरण काजीपुढे न्यायचे, शोध करूनही पत्ता लागला नाही की चार वर्षे थांबायचे, मग मृत्यूची इद्दत पाळायची, चार महिने दहा दिवस, आणि मोकळे व्हायचे. मौलाना अशरफ अली थानवी यांनी कायद्याआधी काही वर्षे ‘अल-हीलतुन नाजिजा’ या पुस्तकात हनफी बायकांसाठी मालिकी मताचा आधार घेता येतो असे दाखवून दिले होते. काजी मुहम्मद अहमद काजमी यांनी 1936 मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणले, त्यामागे हीच खटपट होती.

खटपटीला निकड आली होती ती एका वाईट वाटेमुळे. नवऱ्याच्या जाचातून सुटायला दुसरा मार्ग नाही म्हणून पंजाबात काही बायका धर्म सोडल्याचे जाहीर करीत, कारण तसे केले की निकाह आपोआप तुटतो असे कोर्ट मानी. नव्या कायद्याच्या चौथ्या कलमाने ती वाट बंद केली: नुसत्या धर्मत्यागाने निकाह तुटणार नाही. दादांनी यावर एकच वाक्य लिहिले आहे, आणि ते आम्हाला वारंवार आठवते: ‘चौथ्या कलमाबद्दल सगळे आनंद करतात, पण दुसरे कलम नसते तर चौथे म्हणजे नुसते कुलूप झाले असते.’

दुसऱ्या कलमात बाईने फस्ख मागण्याची कारणे आहेत. चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नसणे हे पहिले. दोन वर्षे त्याने पोटगी न देणे हे दुसरे. पुढे कैद, वेड, छळ वगैरे येतात. दादा पहिल्या दोनांवरच अडून बसले, कारण त्यांच्या बहिणीचा प्रश्न तिथेच अडला होता.

वरवर पाहता पहिले कारण तिला अगदी फिट्ट बसत होते. डिसेंबर 1934 पासून मार्च 1939 म्हणजे चार वर्षे आणि तीन महिने. शिवाय मालिकी मतात चार वर्षे काजीकडे गेल्यापासून मोजतात, कायद्यात सरलेली वर्षेही धरली जातात, म्हणजे बाईचा फायदाच. पण रंगूनच्या माणसाचे काय? कोणी कोर्टात उभा राहून म्हणाला की 1937 मध्ये तो जिवंत दिसला, तर चार वर्षे कुठून मोजायची? दुसरी अडचण तिसऱ्या कलमाची. नवरा बेपत्ता म्हणून दावा लावला, तर आज तो मेला असता तर वारस कोण झाले असते त्यांची नावे द्यावी लागतात, त्यांना नोटीस जाते, त्यांचे म्हणणे ऐकले जाते. नवऱ्याचा चुलता आणि भाऊ असतील तर ते वारस नसले तरी पक्षकार करावेच लागतात. म्हणजे ज्या दिराच्या ताटात ती जेवत होती, त्यालाच कोर्टात ओढायचे. आणि एवढे करून हुकूमनामा मिळाला, तरी तो सहा महिने लागू होत नाही. तेवढ्यात नवरा स्वतः किंवा त्याचा अधिकृत मुखत्यार आला आणि तो नांदवायला तयार आहे अशी कोर्टाची खात्री पटवली, की हुकूमनामा रद्द. दादांना भीती वाटत होती ती याची. दीर भावाच्या नावचा एखादा कागद पैदा करील, असे त्यांनी आडून सुचवले आहे. तेही पुढे काटले आहे, पण वाचता येते.

म्हणून ते दुसऱ्या कारणाकडे वळले. पोटगीच्या दाव्यात वारसांची नोटीस नाही, सहा महिन्यांची टांगती तलवार नाही. नवऱ्याचा पत्ता नसला तर समन्स वर्तमानपत्रात छापून बजावता येते. नवरा रंगूनला असो की समुद्राच्या तळाशी, त्याने दोन वर्षे काही दिले नाही एवढेच दाखवायचे. पण इथेही त्यांना एक शंका होती, आणि ती त्यांनी संपादकांना थेट विचारली आहे: दिराने अन्न घातले ते भावाच्या वतीने घातले असे कोर्ट म्हणेल काय? तसे म्हटले तर बाई उपाशी राहिली नाही हाच तिचा दोष ठरेल.

आम्ही हे वाक्य मोठ्याने वाचले तेव्हा आमची बहीण उठून बाहेर जाऊन बसली.

पत्राचा शेवटचा भाग न्यायाधीशाविषयी आहे. काजमींच्या मूळ विधेयकात असे दावे मुसलमान न्यायाधीशापुढेच चालावेत अशी तरतूद होती. ती गळली, आणि त्यामुळे पुष्कळ उलेमा नाराज झाले. गैरमुस्लिमाने दिलेला फस्ख शरियतने खरा का, असा त्यांचा सवाल होता. दादा पाच वेळचे नमाजी, पण इथे ते वेगळ्याच बाजूने बोलतात. ते म्हणतात, आम्ही कोकणी शाफई. नवरा पोसण्यास असमर्थ असेल तर फस्ख देण्याची वाट आमच्या मजहबात आधीपासून आहे. पण ती उघडायची कोणी? 1880 च्या काजी कायद्याने नेमलेला काजी निकाह लावू शकतो, त्याला निवाड्याचा अधिकार त्या कायद्याने मुळीच दिलेला नाही. मुसलमान न्यायाधीश हवा ही मागणी रास्त आहे, ती पुढेही करीत राहू, पण तो नेमला जाईपर्यंत त्या बाईने दिराच्या पडवीत बसून राहायचे काय? मुसलमान न्यायाधीशासाठी अर्ज करणाऱ्या किती जणांच्या घरात अशी बहीण आहे, असेही त्यांनी विचारले आहे. ‘बहीण’ हा शब्द इथे मात्र खोडायचा राहून गेला.

आमच्यात यावर वाद झाला, तोही सांगितला पाहिजे. थोरल्या भावाचे म्हणणे, दादांनी उलेमांचा मुद्दा फार झटकन बाजूला सारला. फस्ख खरा नसेल तर दुसरा निकाहही खरा नाही, ही काळजी खोटी कशी म्हणायची? बहिणीचे म्हणणे, ती काळजी दादांनाही होती. नाहीतर पाचव्या कलमाशेजारी समासात ‘मेहर शाबूत. इद्दत? मौलवींना विचारणे’ असे त्यांनी लिहिले नसते. मेहरचा हक्क बुडत नाही हे पाचवे कलम सांगते. इद्दतीबद्दल कायदा गप्प आहे. धाकट्याला बहिणीचे पटले. थोरल्याला अजून पूर्ण पटलेले नाही.

पत्र छापून आले की नाही, ते पाठवले तरी होते का, हे पेटीतून कळले नाही. चौथ्या कागदाच्या पाठीवर फक्त हिशेब आहे: वकील 15 रु., मोटारभाडे, साक्षीदारांचे जेवण, आणि त्याखाली ‘म्हैस विकणे?’ असे लिहून दोन रेघा मारल्या आहेत.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीपलीकडे फूफीच्या थोरल्या मुलाकडे गेलो. विषय कसा काढावा हेच समजेना. शेवटी बहिणीने खर्डा पुढे ठेवला. चाचा ऐंशीच्या घरातले. चष्मा लावून त्यांनी तो सावकाश वाचला, काही न बोलता आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद घेऊन आले. ‘अम्मीने जाताना दिला होता,’ म्हणाले. तो 1940 सालच्या निकालाची नक्कल होती.

दावा दुसऱ्या कारणावर, पोटगीवर, लावला होता. समन्स वर्तमानपत्रातून बजावले, नवरा हजर झाला नाही. कोर्टाने म्हटले होते की दिराने माणुसकीने अन्न दिले, त्याने नवऱ्याची जबाबदारी फिटत नाही. फस्ख मंजूर, मेहर सव्वाशे रुपये देय. वादीच्या बाजूने तीन साक्षीदार: पहिली फूफी स्वतः, दुसरे दादा.

तिसरा तिचा दीर. त्याने शपथेवर सांगितले होते की भावाने 1934 नंतर एक पैसाही पाठवला नाही, आणि या बाईला मी जे दिले ते माझ्या कमाईतले होते, त्याच्या नव्हे.

‘तो दरवर्षी आंबे घेऊन यायचा,’ चाचा म्हणाले. ‘आम्ही त्याला मामू म्हणायचो. तुमच्या दादांनीच तसे म्हणायला लावले होते.’