कुरिअरचा करार आणि परतीची अट

माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी मिरजोळ्यातील घरातूनच कोकम आगळ ऑनलाइन विकण्यास आरंभ केला. एके दिवशी पुण्याला पाठविलेल्या सहा बाटल्यांपैकी चार फुटून पोहोचल्या. बिल 2,400 रुपयांचे, कुरिअरचे भाडे 150 रुपयांचे. ग्राहकाने पैसे परत मागितले. पुतण्याच्या पानावर मात्र लिहिलेले होते : "विकलेला माल परत घेतला जाणार नाही."

दुकानाच्या भिंतीवरील ही जुनी पाटी येथे चालत नाही. ई-कॉमर्सविषयीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार माल सदोष असेल, जाहिरातीप्रमाणे नसेल किंवा कबूल केलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. पुतण्याने पूर्ण रक्कम परत केली आणि भरपाईसाठी कुरिअरकडे वळला.

मी त्याच्याकडे करार मागितला. बँकेत असताना कर्जदारांनी न वाचता केलेल्या सह्या पुष्कळ पाहिल्या होत्या, घरातही तेच! कंपनीची जबाबदारी कमाल एक हजार रुपये, तक्रार सात दिवसांत फोटोंसह, आणि काचेचे सामान अपुऱ्या वेष्टनात असल्यास भरपाई नाही, असे त्यात होते. पुतण्याने नवव्या दिवशी कळविले होते.

कायद्याचा आधार घ्यावा, तर त्यालाही मर्यादा आहे. 2007 च्या रस्त्याने मालवाहतुकीच्या कायद्यात घरपोच सेवा देणारी कुरिअर कंपनीही येते. मालाची किंमत आधी जाहीर करून जास्तीचे जोखीमभाडे भरले नसेल, तर सामान्यतः भाड्याच्या दहापटीपर्यंतच भरपाई मिळते. म्हणजे येथे फार तर 1,500 रुपये. उरलेले 900 विक्रेत्याच्या माथी. दावा लावायचा तर बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस पोहोचली पाहिजे. सही केलेल्या पावतीवरील मर्यादा न्यायालयही मानते : जर्मनीला पाठविलेल्या मालाच्या प्रकरणात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने भारती निटिंग कंपनीची भरपाई पावतीतील शंभर डॉलरवरच ठेवली.

त्यानंतर आम्ही दोघांनी बसून परतीची अट नव्याने लिहिली. फुटलेला, चुकीचा वा उशिरा आलेला माल आमच्या खर्चाने परत. फोटो 48 तासांत पाठवावा, म्हणजे कुरिअरच्या सात दिवसांत आपला दावा बसतो. केवळ मन बदलले म्हणून सील उघडलेली बाटली परत घेणार नाही, हेही पैसे भरण्यापूर्वीच दिसेल असे छापले. मोठ्या पेटीची किंमत तो आता बुकिंग करतानाच जाहीर करतो आणि पेटी बंद करण्यापूर्वी बाटल्यांचा फोटो काढतो. नव्या करारातली हजाराची मर्यादा वाढवून मागितली; कंपनीने ती दोन हजारांवर आणली, परंतु काचेचे कलम काही सोडले नाही. म्हणून आगळ हल्ली प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून जाते.