दुसऱ्यांदा "समजलं नाही" म्हणताना

रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि त्याला तो कळला नाही, तर तो काय करतो? "माफ करा, मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा" असं चार वेळा घोकत बसत नाही. तो विचारतो, "म्हणजे पुलाच्या अलीकडे की पलीकडे?" बस्स. आपण म्हणतो "पलीकडे", आणि रिक्षा निघते. ही साधी गोष्ट चॅटबॉटमध्ये बसवणं हे सध्या माझं रोजचं काम आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गॅस एजन्सीचा बॉट आहे. त्याला तीन कामं येतात: बुकिंग करणं, डिलिव्हरी कुठवर आली ते सांगणं आणि तक्रार नोंदवणं. आता हा संवाद बघा.

ग्राहक: डिलिव्हर झाला असा मेसेज आलाय पण सिलिंडर आलाच नाही
बॉट: माफ करा, मला समजलं नाही. कृपया वेगळ्या शब्दांत सांगा.
ग्राहक: अहो मेसेज आला पण सिलिंडर नाही आला, मी सकाळपासून घरीच आहे, आता पुढचं बुकिंग कसं करू?
बॉट: क्षमस्व! मला समजलं नाही. कृपया वेगळ्या शब्दांत सांगा.

इथून पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. ग्राहकाची वाक्यं छोटी आणि उद्गारचिन्हं मोठी होत जातात, आणि बॉट तितक्याच नम्रपणे माफी मागत राहतो.

आता हे असं का झालं? अशा बॉटच्या पोटात, आलेलं वाक्य कुठल्या कामाचं असेल याला गुण दिले जातात. समजा पहिल्या वाक्याला "डिलिव्हरी कुठे आहे" याचे 0.45 आणि "तक्रार" याचे 0.40 मिळाले. उत्तर देण्यासाठी किमान 0.70 लागतात असं ठरवलेलं असेल, तर बॉट हात वर करतो. मग आपण त्या माणसाला "वेगळ्या शब्दांत सांगा" म्हणतो. तो बिचारा समजावून सांगायचं म्हणून वाक्य लांबवतो, त्यात पुढच्या बुकिंगचा विषयही येतो, आणि गुण दोनऐवजी तीन ठिकाणी विभागले जातात. म्हणजे आपल्याच सूचनेमुळे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा अवघड झालं! फोनवरच्या यंत्रांचंही असंच होतं. माणूस चिडून हळू, मोठ्यांदा, एकेक अक्षर तोडून बोलायला लागतो, आणि नेहमीच्या बोलण्यावर शिकलेल्या यंत्राला ते आणखीच कळत नाही.

गंमत म्हणजे बॉटला काहीच कळलं नव्हतं असं नाही. विषय डिलिव्हरीचा किंवा तक्रारीचा आहे एवढं त्याला कळलं होतं, फक्त खात्री नव्हती. तो अंदाज फेकून देऊन माफी मागणं हा खरा घोटाळा. दुसऱ्या खेपेला तोच अंदाज वापरायचा:

"अजून नीट कळलं नाही, पण डिलिव्हरीबद्दल काहीतरी आहे असं वाटतंय. यातलं कुठलं?
1. सिलिंडर कुठवर आलाय ते बघायचंय
2. डिलिव्हरीबद्दल तक्रार करायची आहे
3. यातलं काही नाही, माणसाशी बोलायचंय"

यात माफी नाही, हे मुद्दाम. पहिल्यांदा "माफ करा" म्हटलं तर ठीक. दुसऱ्यांदा तोच शब्द आला की ग्राहकाला एवढंच कळतं की मागच्या वेळेपासून काहीही बदललेलं नाही. त्याऐवजी किती कळलं ते सांगितलं की आपलं बोलणं वाया गेलं नाही असं त्याला वाटतं. प्रश्नही आता मोकळा नाही, त्यामुळे एका आकड्यात उत्तर देता येतं. आणि तिसरा पर्याय "मुख्य मेनू > मदत > संपर्क" अशा बोळात न लपवता तिथेच समोर ठेवलाय.

बरं, तरीही जमलं नाही तर? मग तिसऱ्यांदा प्रश्न विचारायचाच नाही. "हे मला जमत नाहीये. तुम्ही लिहिलेलं सगळं ऑफिसकडे पाठवलंय, पुन्हा सांगावं लागणार नाही. ऑफिस सकाळी 10 वाजता उघडतं, त्यानंतर फोन येईल." रात्री 11 वाजता "आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील" असलं गुळगुळीत वाक्य नको. खरी वेळ सांगा. आणि अर्थातच "सगळं पाठवलंय" म्हणायचं तर ते खरंच पाठवायचं.

ही कल्पना काही नवी नाही. फोनवरच्या यंत्रांसाठीच्या व्हॉइस एक्सएमएल 2.0 मध्ये (2004 सालचं प्रमाण) "कितव्यांदा कळलं नाही" हे मोजायची सोयच आहे:

```xml
<nomatch count="1">पुन्हा सांगाल का?</nomatch>
<nomatch count="2">बुकिंगसाठी 1, तक्रारीसाठी 2 दाबा.</nomatch>
<nomatch count="3"><goto next="#operator"/></nomatch>
```

पण मोजणी कधी शून्यावर आणायची, इथे मोठी मेख आहे. कुठलंही वाक्य कळलं की शून्य, असा नियम केला तर काय होतं बघा. दोनदा फसल्यावर वैतागलेला माणूस "हॅलो??" असं लिहितो. बॉटला "हॅलो" छान कळतं! तो "नमस्कार, मी आपली काय मदत करू?" म्हणतो, मोजणी शून्य होते आणि फेरा पहिल्यापासून सुरू. म्हणून काम पूर्ण झालं तरच शून्य करायचं. उलट, बॉटने चुकीचंच पण आत्मविश्वासाने उत्तर दिलं आणि ग्राहक "नाही, ते नाही" म्हणाला, तर तीही एक चूक म्हणून मोजायची. बॉट आज मोठ्या भाषा-मॉडेलवर चालत असेल तरी ही मोजणी मॉडेलच्या बाहेर, साध्या कोडमध्ये ठेवलेली बरी. ते मॉडेल दर वेळी नव्या, सुंदर शब्दांत माफी मागू शकतं. फेरा तोच राहतो, फक्त शोधायला अवघड जातो.

असा फेरा नोंदींमधून शोधायचा तर बॉटची वाक्यं नको, ग्राहकाची वाचा. एकाच माणसाने जवळजवळ तेच वाक्य तीनदा लिहिलेलं दिसलं, की तिथे भोक आहे.

एक अपवाद मात्र आहे, आणि तो फार महत्त्वाचा. "गॅसचा वास येतोय" या वाक्याला एकदाही "समजलं नाही" म्हणायचं नाही. तिथे गुण, मोजणी, पर्याय सगळं बाजूला. "वास", "गळती", "लीक" असे शब्द आधीच तपासायचे आणि थेट सांगायचं: रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याचं बटण दाबू नका, बाहेर जाऊन 1906 वर फोन करा. कुणी "जेवणाला वास येतोय" असं गमतीत लिहिलं आणि त्यालाही हेच उत्तर गेलं, तर जाऊ दे. तेवढा अतिरेक परवडतो.

बाकी वाक्यांसाठी मी एक सोपी परीक्षा करतो. बॉटच्या दुसऱ्या उत्तरातून "माफ करा", "क्षमस्व", "कृपया" हे शब्द खोडायचे आणि उरलेलं वाचायचं. त्यात ग्राहकाला करण्यासारखं काहीतरी नवीन उरलं असेल तर ठीक. नसेल, तर शब्द नाही, प्रश्नच बदलायला हवा.